एकच कस्टमर, पाच ब्रँच आणि दर महिन्याला अडकणारं पेमेंट: बिलं नक्की कशी वेगळी करायची

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदाच नीट लिहून टाकते. आपला एक मोठा कस्टमर, हेड ऑफिस लोअर परळला, ब्रँचेस दादर, ठाणे, वाशी, पुणे आणि एखादी गुजरातमध्ये, आणि आपण सप्लायर. ऑर्डर एकदम येते, रेट एकच, क्रेडिट पिरियड एकच, म्हणून आपण सरळ हेड ऑफिसच्या नावावर एक बिल फाडतो आणि माल पाच ठिकाणी पाठवतो. मग 45 दिवसांनी फोन करा तर उत्तर ठरलेलं, "वाशीचं कन्फर्मेशन आलं नाही", नाहीतर "वापीचं बिल चुकीच्या जीएसटी नंबरवर आहे, बदलून द्या". पुढच्या महिन्यात परत तेच. मी एका छोट्या ट्रेडिंग फर्मचे अकाउंट्स बघते, हाउसकीपिंगचा माल आहे आमचा, फ्लोअर क्लीनर, टॉयलेट क्लीनर, गार्बेज बॅग वगैरे, त्यामुळे उदाहरण त्यातलंच देते, पण स्टेशनरी, टोनर, पाण्याचे जार, कशालाही हेच लागू पडेल.

कस्टमर धरा एक कोचिंग क्लासची चेन. नोव्हेंबरची ऑर्डर, टॅक्स सोडून दादर 18,000, ठाणे 22,000, वाशी 14,000, पुणे 20,000 आणि वापी 26,000, म्हणजे बरोबर 1,00,000. सगळा माल 18 टक्क्यांचा, रेट डिलिव्हरीसकट, म्हणजे भाडं वेगळं लावायचं नाही. बिल झालं 1,18,000 चं, 9,000 सीजीएसटी आणि 9,000 एसजीएसटी, हेड ऑफिसच्या 27 वाल्या नंबरवर. वाशीला दोन बॉक्स कमी पोचले, किंमत 1,500, टॅक्स धरून 1,770. आता हेड ऑफिसच्या सिस्टीममध्ये एक बिल म्हणजे एक एंट्री, ते अर्धं पास होत नाही, त्यामुळे 1,770 च्या भांडणासाठी 1,18,000 अडकतात. आणि तेवढ्यात वापीचा माणूस विचारतो की आमचं इनपुट क्रेडिट कुठाय.

आता यात लोक काय करतात तर वाशीच्या मॅडमना दहा फोन करतात, कन्फर्मेशनचा मेल मागवतात, कसंबसं पेमेंट काढतात आणि पुढच्या महिन्याचं बिल परत तसंच बनवतात. फोनने तो महिना सुटतो, पण अडकायचं कारण बिलाच्या बांधणीतच आहे, त्यामुळे ते तिथंच राहतं.

तीन गोष्टी आपण एकात घुसळतो. बिल कोणत्या जीएसटी नंबरवर, माल कोणत्या पत्त्यावर, आणि पैसे कोण देणार. ही तिन्ही उत्तरं वेगळी असू शकतात आणि बहुतेक वेळा असतातच. आणि याच क्रमाने ठरवायची, कारण पहिलं चुकलं की बाकी सगळं परत करावं लागतं.

तर पहिलं, जीएसटी नंबर. ब्रँच किती आहेत हे आधी मोजू नका, नंबर किती आहेत ते मोजा. एका राज्यात एका कंपनीचा साधारण एकच नंबर असतो आणि बाकीच्या ब्रँचेस त्याच नंबरखाली जादा जागा म्हणून नोंदवलेल्या असतात, म्हणजे दादर, ठाणे, वाशी, पुणे चौघांचा नंबर एकच, 27 ने सुरू होणारा. वापी गुजरातमध्ये, तिथला नंबर 24 ने सुरू होणार. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दहा म्हणजे कंपनीचा पॅन, त्यामुळे पॅन सेम दिसला तरी दोन आकडे वेगळे म्हणजे जीएसटीच्या हिशोबात वेगळा माणूस. कस्टमर काय सांगतो यावर राहू नका, जीएसटी पोर्टलवर Search by PAN आहे, त्यात पॅन टाकला की त्या पॅनवरचे सगळे नंबर राज्यासकट दिसतात. पाच मिनिटांचं काम आहे.

इथे एक खड्डा आहे आपल्या बाजूच्या लोकांसाठी. वापी आणि सिल्वासा जवळजवळ, टेम्पोवाला एकाच फेरीत दोन्ही करतो, पण वापी गुजरात म्हणजे 24 आणि सिल्वासा दादरा नगर हवेलीत म्हणजे 26. "तिकडचाच पत्ता आहे, वापीच्याच नंबरवर टाका" असं ब्रँचवाला सहज बोलून जातो. त्याला टॅक्सशी देणंघेणं नसतं, त्याला माल हवा असतो.

दुसरा खड्डा अगदी मुंबईतला, अंधेरीचं सीप्झ. ते एसईझेड आहे, त्यामुळे तिथल्या युनिटचं रजिस्ट्रेशन वेगळं घ्यावं लागतं, नंबर 27 नेच सुरू होतो आणि माल अंधेरीच्या अंधेरीत जातो, तरी तो व्यवहार राज्याबाहेरचा धरतात, म्हणजे सीजीएसटी एसजीएसटी नाही, आयजीएसटी लागतो किंवा आपण एलयूटी हे हमीपत्र भरलेलं असेल तर टॅक्स न लावता बिल. कोचिंग क्लास काय तिथे नसणार, पण आयटी किंवा ज्वेलरी एक्स्पोर्टवाला कस्टमर असेल तर त्याची एक ब्रँच सीप्झमध्ये आणि एक बाहेर हे कॉमन आहे आणि 27 बघून डोळे झाकून लोकल टॅक्स लावला जातो.

आता वापीचं काय करायचं. दोन रस्ते आहेत आणि दोन्ही कायद्याला धरून आहेत, म्हणूनच गोंधळ होतो. एक, वापीच्या 24 वाल्या नंबरवर सरळ बिल, माल पण वापीला, टॅक्स आयजीएसटी 4,680, टोटल 30,680. दोन, बिल हेड ऑफिसच्या 27 नंबरवर आणि माल हेड ऑफिसच्या सांगण्यावरून वापीला, म्हणजे बिल टू एकीकडे शिप टू दुसरीकडे. यात आयजीएसटी कायद्याचं कलम 10(1)(ख) लागतं, ते म्हणतं की तिसऱ्याच्या सांगण्यावरून माल कोणाला दिला तर तो माल त्या सांगणाऱ्यालाच मिळाला असं धरायचं आणि पुरवठ्याची जागा म्हणजे त्याची मुख्य जागा. सांगणारा लोअर परळचा, म्हणून माल गुजरातला गेला तरी आपण लावायचा सीजीएसटी आणि एसजीएसटी. ऐकायला विचित्र वाटतं, बरेच जण इथे माल बाहेर गेला म्हणून आयजीएसटी लावून मोकळे होतात, तो चुकतो.

मग दुसरा रस्ता सोपा दिसतो, सगळं एका नंबरवर. पण त्यात कस्टमरच्या गळ्यात एक काम पडतं जे त्याला कोणी सांगत नाही. त्याचे 27 आणि 24 हे कायद्याच्या भाषेत दोन वेगळे व्यक्ती, म्हणून हेड ऑफिसने वापी ब्रँचला स्वतःचं बिल काढायला लागतं, आयजीएसटी लावून, मधे पैसे फिरले नाहीत तरी. ते केलं नाही तर वापीचा माल वापीच्या हिशोबात येतच नाही. बहुतेक क्लासवाले, सलूनवाले, शोरूमवाले यांना दर महिन्याला क्लीनरच्या बॉक्ससाठी आतल्या आत बिल काढायची अजिबात हौस नसते, म्हणून माझं मत स्पष्ट आहे, दुसऱ्या राज्याची ब्रँच आणि तिथला नंबर असेल तर त्या नंबरवरच बिल द्या. हेड ऑफिसने लेखी सांगितलं की आमच्याच नंबरवर हवं तरच बिल टू शिप टू करा, आणि तो मेल जपून ठेवा. वापीला त्यांनी नंबरच घेतलेला नसेल तर तो निर्णय त्यांच्या सीएचा, आपण त्यांना सल्ला द्यायचा नाही, फक्त लेखी मागायचं.

आता दुसरा प्रश्न, एकाच नंबरखालच्या चार ब्रँच. दादर, ठाणे, वाशी, पुणे चौघांना कायद्याने एक बिल चाललं असतं का? नंबर एक आहे म्हणून चालेल असं वाटतं, पण बिलावर शिप टूची जागा एकच असते. ई-वे बिलात माल उतरायचा पत्ता एकच टाकता येतो, ई-इनव्हॉइसमध्ये पण शिप टूचा एकच खाना. चार पत्त्यांचा माल एका बिलात घातला की बिलावर जो पत्ता आहे तो तीन ब्रँचसाठी खोटा असतो. पुण्याला निघालेल्या टेम्पोत लोअर परळच्या पत्त्याचं बिल सापडलं तर ड्रायव्हर काय समजावणार. म्हणून एक डिलिव्हरी, एक पत्ता, एक बिल. बिल टू सगळीकडे तेच हेड ऑफिस किंवा त्या ब्रँचचा पत्ता, नंबर तोच 27 वाला, शिप टू मात्र ज्या ब्रँचला जाणार तिची.

मग आपल्या उदाहरणात बिलं अशी पडतात. दादर 18,000 वर 3,240 टॅक्स म्हणजे 21,240. ठाणे 25,960. वाशी 16,520. पुणे 23,600. या चौघांना सीजीएसटी एसजीएसटी. आणि वापी 24 वाल्या नंबरवर आयजीएसटी लावून 30,680. बेरीज तीच 1,18,000, कस्टमरला एक रुपया जास्त लागत नाही, हे त्याला आधीच दाखवा कारण पाच बिलं म्हटलं की पहिली शंका पैशाचीच येते. आता वाशीचे दोन बॉक्स कमी निघाले तर अडकतं वाशीचं 16,520, बाकीचे 1,01,480 वेळेवर येतात. वाशीच्या बिलाचा नंबर टाकून 1,770 ची क्रेडिट नोट दिली की 14,750 पण सुटतात.

ई-वे बिलाचं पण यातच निस्तरतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल असेल तर मर्यादा 1,00,000, राज्याबाहेर 50,000, आणि किंमत टॅक्स धरून मोजायची. वापीचं 30,680 आहे म्हणून लागत नाही, पण दिवाळीच्या आधीच्या महिन्यात ऑर्डर वाढली आणि टॅक्स सोडून 43,000 ची झाली तर टॅक्ससकट 50,740, लागलं ई-वे बिल. लोक 43,000 बघून गाडी सोडतात. बिल टू शिप टू केलं असेल तरी माल प्रत्यक्ष राज्याबाहेर जातोय ना, मग मर्यादा 50,000 चीच. पोर्टलवर ट्रान्झॅक्शन टाइप Bill To - Ship To निवडायचा, बिल टूमध्ये 27 वाला नंबर आणि शिप टूमध्ये वापीचा पत्ता पिनकोडसकट. मुंबईहून वापी दोनशे किलोमीटरच्या आतच, म्हणजे एका दिवसाची व्हॅलिडिटी, रात्री उशिरा बनवू नका. आणि हो, मर्यादा चुकवायला एकाच ब्रँचची एकच डिलिव्हरी दोन बिलांत फोडणं ही वेगळी गोष्ट झाली, ते करू नका, ब्रँचप्रमाणे फोडणं वेगळं.

बिल नंबरबद्दल एक. लोक उत्साहात ब्रँचप्रमाणे सिरीज करतात, 2025-26/MUM/VASHI/0001 असं. नंबर जास्तीत जास्त 16 अक्षरांचा चालतो, डॅश आणि स्लॅश धरून, हा त्याच्या पलीकडे जातो. 25-26/VSH/0001 बसतो, आणि वेगवेगळ्या सिरीज चालतात पण, पण मी म्हणते कशाला. जीएसटीआर-1 मध्ये प्रत्येक सिरीजचा पहिला नंबर, शेवटचा नंबर, रद्द किती हे वेगळं द्यावं लागतं, पाच ब्रँच म्हणजे पाच ओळी आणि पाच ठिकाणी मधला नंबर सुटायची सोय. एकच सिरीज ठेवा, ब्रँचचा कोड पीओ नंबरच्या रकान्यात येऊ दे.

पीओवरून आठवलं, हेड ऑफिसने पाच ब्रँचचा एक पीओ दिला असेल तर निदान त्यात ब्रँचप्रमाणे ओळी पाडून मागा. ब्रँचने माल घेतला की ती सिस्टीममध्ये माल आल्याची एंट्री करते, तिला ते जीआरएन म्हणतात, आणि हेड ऑफिस पीओ, जीआरएन, बिल ही तीन कागदं जुळवून पेमेंट सोडतं. तीनपैकी एकावर ब्रँच नसेल तर जुळणार कसं.

आता डिलिव्हरी, इथेच अर्धी बिलं मरतात खरंतर. कोचिंग क्लासच्या ब्रँचला सकाळी अकराला टेम्पो गेला तर तिथे वॉचमन असतो, बॅचेस दुपारनंतर, ऑफिसचा माणूस दोनच्या आधी येत नाही. वॉचमन सही करून माल घेतो, शिक्का नाही, बॉक्स मोजत नाही, आणि मग महिन्याने हेड ऑफिस म्हणतं की ही सही आमच्या स्टाफची नाही. वाशीचे दोन बॉक्स बहुतेक असेच जातात, कमी पोचले की आत गेल्यावर कमी झाले हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक ब्रँचचं उतरवायची वेळ, सही करणाऱ्याचं नाव आणि मोबाईल, शिक्का कुठे असतो, लिफ्ट आहे की नाही, मॉलमध्ये असेल तर गेटपास कोण देणार, हे आधी एका पानावर लिहून घ्या आणि ते पान टेम्पोवाल्या काकांकडे द्या. वेळ नसेल तर निदान सही करणाऱ्याचं नाव.

बिलाच्या तीन कॉप्या असतात हे सगळ्यांना माहितीये, ओरिजिनल घेणाऱ्याची, डुप्लिकेट ट्रान्सपोर्टरची, ट्रिप्लिकेट आपली. गडबड अशी होते की ओरिजिनल टेम्पोबरोबर ब्रँचला जाते आणि ब्रँचच्या ड्रॉवरमध्ये पडते, हेड ऑफिसला ती कधीच मिळत नाही, आणि हेड ऑफिस म्हणतं बिल आलंच नाही. एका ब्रँचवर एक बिल असलं की हे अजून वाढतं, आधी एक कागद हरवायचा आता पाच. त्यामुळे ओरिजिनल त्याच दिवशी पीडीएफ करून हेड ऑफिसच्या पेमेंट डिपार्टमेंटला मेल करायची, मेलच्या विषयात पीओ नंबर, ब्रँच, बिल नंबर. ब्रँचला टेम्पोबरोबर जाणाऱ्या कॉपीवर मोठ्या अक्षरात "ओरिजिनल हेड ऑफिसला मेल केली आहे" लिहा. आणि आपल्या ट्रिप्लिकेटवर सही, शिक्का, तारीख आणि बॉक्सचा आकडा शब्दांत लिहून घ्या, "सात बॉक्स मिळाले", नुसतं "मिळाले" नको. तिचा फोटो त्याच संध्याकाळी त्याच मेलच्या साखळीत. पुणे आणि वापी ट्रान्सपोर्टने जात असेल तर एलआर नंबर पण बिलावर टाका, कारण तिथे टेम्पोवाला आपला नसतो आणि पोचपावती आठवड्याने येते, नाहीतर येतच नाही.

बरं, कस्टमर म्हणतो की आम्हाला पाच बिलं नको, महिन्याला एकच द्या. हे खूप येतं. दर आठवड्याला माल जात असेल आणि लेखी काँट्रॅक्ट असेल, ठरावीक काळाने बिल द्यायचं असं त्यात ठरलेलं असेल, तर सतत पुरवठा म्हणून महिन्याचं बिल देता येतं आणि मधला माल डिलिव्हरी चलानवर जातो. पण नुसतं तोंडी ठरवून महिनाभर चलान आणि शेवटी बिल हे नको, एरवी माल निघताना किंवा त्याआधीच बिल व्हायला हवं असा नियम आहे. आणि काँट्रॅक्ट असलं तरी महिन्याचं बिल नंबरप्रमाणे वेगळं, म्हणजे 27 चं एक आणि 24 चं एक, खाली ब्रँचप्रमाणे चलानची यादी जोडून. यात तोटा काय तर वाशीचं भांडण परत चौघांचे 87,320 अडकवतं. म्हणून मी असं सुचवते की बिलं ब्रँचप्रमाणेच राहू दे, आम्ही वर महिन्याचं एक स्टेटमेंट देतो, एका पानावर पाच ओळी, एक टोटल, तुम्ही एकच पेमेंट करा. बहुतेकांना एक कागद हवा असतो, एक बिल नको असतं. हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो.

मेल मी साधारण असा पाठवते, हवं तर उचला:

"सर, पुढच्या महिन्यापासून आपली बिलं ब्रँचप्रमाणे येतील. दादर, ठाणे, वाशी आणि पुणे यांची बिलं आपल्या महाराष्ट्राच्या जीएसटी नंबरवर, सीजीएसटी आणि एसजीएसटी लावून, फक्त डिलिव्हरीचा पत्ता प्रत्येक ब्रँचचा. वापीचं बिल आपल्या गुजरातच्या नंबरवर आयजीएसटी लावून, त्याचं क्रेडिट आपल्या गुजरातच्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसेल. रेट आणि टोटलमध्ये काही फरक नाही. ओरिजिनल बिलं आपल्याला मेलवर, ब्रँचला मालाबरोबर कॉपी. माल कमी किंवा खराब असेल तर ब्रँचने पोचपावतीवरच लिहावं आणि दोन दिवसांत मेल करावा, त्या ब्रँचची क्रेडिट नोट लगेच देऊ, बाकीच्या ब्रँचचं पेमेंट त्यासाठी थांबवू नये. महिन्याच्या 1 तारखेला पाचही बिलांचं एकत्र स्टेटमेंट देऊ. पेमेंट करताना कृपया बिल नंबर कळवावेत."

शेवटचं वाक्य गाळू नका. कारण एकत्र पेमेंट येतं 1,16,230, बँकेत फक्त कंपनीचं नाव दिसतं, आणि टॅलीमध्ये आपण ते ऑन अकाउंट टाकून ठेवतो, मग दोन महिन्यांनी ठाण्याचं कुठलं बिल बाकी आहे कोणाला कळत नाही. 1,18,000 मधून वाशीची क्रेडिट नोट 1,770 वजा म्हणजे 1,16,230, हे आज डोक्यात आहे, मार्चमध्ये नसतं. म्हणून रिसीट टाकताना Agst Ref करून प्रत्येक बिल मारायचं.

टॅलीत लेजर किती करायचे यावर वाद असतो. हेड ऑफिस पैसे देत असेल तर नंबरप्रमाणे लेजर, म्हणजे इथे दोन, 27 आणि 24, आणि 27 च्या लेजरमध्येच चार ब्रँचचे पत्ते भरून ठेवा, बिल करताना शिप टूमध्ये निवडा. ब्रँच स्वतःच्या खात्यातून पैसे देत असतील, फ्रँचायझी वगैरे, तर ब्रँचप्रमाणे वेगळा लेजर, एका ग्रुपखाली. फ्रँचायझीवाल्याचा जीएसटी नंबर बहुतेक त्याचा स्वतःचाच असतो, पॅनच वेगळा, तो या कस्टमरमध्ये मोजायचाच नाही, बोर्ड तोच असला तरी.

आता आधीच चुकलेलं बिल कसं सोडवायचं. कस्टमर म्हणाला "2बी मध्ये दिसत नाही" तर पहिले बिलावरचे दोन आकडे बघा, ते वापीच्या 2बी मध्ये शोधतायत आणि बिल 27 वर आहे, असं निघतं दहातल्या बऱ्याच वेळा. "जीआरएन नाही" म्हणाले तर टॅक्सशी संबंध नाही, सही शिक्क्याची ट्रिप्लिकेट काढा आणि ब्रँचला पाठवा. हे दोन आजार वेगळे आहेत, औषध उलटं देऊ नका, लोक जीआरएनच्या तक्रारीवर बिल बदलून देतात आणि मग नव्या बिलाचा पीओ जुळत नाही.

वापी खरंच चुकीच्या नंबरवर गेलं असेल आणि ई-इनव्हॉइस लागत असेल, म्हणजे टर्नओव्हर 5 कोटींच्या वर, तर 24 तासांच्या आत पोर्टलवर रद्द करता येतं, पण त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते बघावं लागतं. 24 तास गेले, किंवा आपलं जीएसटीआर-1 भरून झालं, तर 27 च्या नावावर 26,000 आणि 4,680 ची क्रेडिट नोट सीजीएसटी एसजीएसटीमध्येच, 2,340 आणि 2,340, जुन्या बिलाचा नंबर टाकून, आणि नवीन बिल 24 वर आयजीएसटी 4,680. दोन्ही एकाच महिन्यात करा म्हणजे टोटल लायबिलिटी तीच राहते, फक्त टॅक्सचे प्रकार बदलतात. कस्टमरने 27 मध्ये क्रेडिट घेतलं असेल तर त्याला ते परत करावं लागेल, हे त्याला मेलमध्ये लिहा, नाहीतर नंतर आपल्यावर येतं. आणि क्रेडिट नोटला शेवटची तारीख आहे, ते आर्थिक वर्ष संपल्यावर येणारं 30 नोव्हेंबर, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तेव्हाच संपलं. म्हणून मार्चच्या बिलांची तक्रार दिवाळीनंतर आली तर आधी कॅलेंडर बघा, मग हो म्हणा.

नवीन ब्रँच उघडली की परत हाच गोंधळ सुरू होतो, क्लासवाले तर जूनच्या आधी दोन-तीन उघडतातच. पहिला माल पाठवायच्या आधी त्यांच्याकडून जीएसटी सर्टिफिकेट मागा, REG-06, त्यात Annexure A असतं आणि जादा जागांची यादी त्यातच असते. नवीन पत्ता त्यात नसेल तर त्यांना सांगा आधी जोडून घ्या. माल घाईत हवाच असेल तर जुन्या नोंदवलेल्या ब्रँचला उतरवा आणि तिथून ते नेतील, बिलावर पत्ता तोच जिथे आपण प्रत्यक्ष उतरवला. पिनकोड पण सर्टिफिकेटवरचाच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेला नको, ई-इनव्हॉइसमध्ये पिनकोड आणि राज्य जुळलं नाही की बिलच बनत नाही आणि टेम्पो खाली उभा असतो.